दोन स्लॉटची पट्टी, अडीच स्लॉटचं अंग

चाळीसगावच्या एका स्टुडिओवाल्या मित्राने गेल्या उन्हाळ्यात मला फोटो पाठवला. नवं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढून टेबलावर ठेवलेलं, शेजारी उघडलेलं कॅबिनेट आणि खाली एवढाच मजकूर: "भाऊ, पट्टी ते दोनच स्लॉटनी शे, मंग बसत का नही?" लग्नसराईतलं चित्रीकरण एडिट करायला त्याला जुन्यापेक्षा ताकदीचं कार्ड हवं होतं. त्याने विचारपूस करून, किंमत बघून, विजेच्या जोडण्या मोजून ते घेतलं होतं. चुकलं ते एकाच ठिकाणी. कार्डाची पट्टी आणि कार्डाची जाडी या दोन गोष्टी त्याने एकच धरल्या.

पट्टी म्हणजे कार्डाच्या मागच्या टोकाचा धातूचा भाग. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची तोंडं त्यावरच असतात, आणि तीच कॅबिनेटच्या मागच्या खाचांना स्क्रूने आवळतात. दोन स्लॉटची पट्टी दोन खाचा घेते. कार्डाला धरून ठेवणं आणि केबलच्या तोंडांना जागा देणं एवढंच तिचं काम. कूलर किती फुगलेला आहे हे ती सांगत नाही. मदरबोर्डवर कार्डं खोवायच्या शेजारच्या दोन स्लॉटमधलं अंतर ठरलेलं आहे, २०.३२ मिलिमीटर. म्हणजे दोन स्लॉटची जागा साधारण ४० मिमी आणि तीनची ६१ मिमी. कार्डाची जाडी ५२ मिमी असली तरी बनवणारा त्याला दोन स्लॉटची पट्टी लावू शकतो, आणि पुष्कळदा लावतोही. पट्टी डोळ्यांना सहज दिसते, अडीच स्लॉटचं अंग मात्र तपशिलाच्या तक्त्यात मिलिमीटरच्या आकड्यात असतं. त्या तक्त्यात लांबी, रुंदी, जाडी कोणत्या क्रमाने लिहायची याला सगळे एकच पद्धत पाळत नाहीत. म्हणून मी सरळ तिघांतला सगळ्यात लहान आकडा जाडीचा धरतो, आणि सगळ्यात मोठा लांबीचा.

लांबीवरून जाडीचा अंदाज बांधणंही धोक्याचं. एएमडीची २०२० सालची मूळ रचनेची दोन कार्डं घ्या, आरएक्स ६८०० आणि आरएक्स ६८०० एक्सटी. दोन्ही २६७ मिमी लांब. पण पहिलं दोन स्लॉटचं आणि दुसरं अडीच स्लॉटचं. लांबी बघून एक बसलं म्हणून दुसरंही बसेल असं गृहीत धरलं, तर शेजारच्या स्लॉटात काही असल्यावर फसगत होते.

मित्राच्या मशीनमध्ये नेमकं तेच होतं. जुन्या लग्नांच्या मिनीडीव्ही कॅसेटी संगणकात उतरवायला त्याने फायरवायरचं छोटं कार्ड बसवलेलं आहे. गावोगावचे लोक अजूनही आई-वडिलांच्या लग्नाची कॅसेट घेऊन त्याच्याकडे येतात, तेव्हा ते कार्ड काढून टाकणं त्याला परवडणारं नव्हतं. मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स, म्हणजे एकूण चार स्लॉट. ग्राफिक्स कार्ड वरच्या पहिल्या लांब स्लॉटात, फायरवायर तिसऱ्यात. पट्टी दोन स्लॉटची, म्हणजे तिसरा मोकळा, असा त्याचा हिशोब.

आता तोच हिशोब मिलिमीटरमध्ये करू. नव्या कार्डाची जाडी ५२ मिमी. यातले चार-पाच मिमी सर्किट बोर्डाच्या पाठीवरच्या संरक्षक पत्र्याचे, ते वर प्रोसेसरच्या बाजूला जातात. उरले ४७. तेवढा कूलर स्लॉटपासून खाली लोंबतो. तिसऱ्या स्लॉटातल्या कार्डाची पाटी, म्हणजे त्याचा सर्किट बोर्ड, पहिल्या स्लॉटापासून दोन अंतरं खाली असते, म्हणजे सुमारे ४०.६ मिमीवर. कूलर ४७ मिमीपर्यंत आलेला आणि पाटी ४०.६ वर. दोघांना एकच जागा हवी आहे. इथे दाबून, थोडं सरकवून काही होत नाही. जोर लावला तर पंख्याची पाती मोडतील किंवा स्लॉट उखडेल.

फायरवायर चौथ्या स्लॉटात नेलं तर? त्याची पाटी ६१ मिमीवर. ६१ वजा ४७ म्हणजे १४, त्यातून पाटीच्या पाठीवरच्या सोल्डरिंगच्या डागांचे एक-दोन मिमी सोडले तर पंख्याखाली बारा मिमी मोकळे राहतात. ते चालतं. फायरवायरचं कार्ड एक-लेनचं असलं तरी ते लांब स्लॉटातही बसतं आणि काम करतं, पीसीआय एक्सप्रेसची रचनाच तशी आहे. फक्त काही बोर्डांवर खालच्या स्लॉटाच्या लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, एम-डॉट-टू एसएसडीबरोबर वाटून घेतलेल्या असतात. तिथे एसएसडी लावल्यावर तो स्लॉट बंद पडतो, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेत ते पान आधी काढून बघायचं.

म्हणजे जाडीचा प्रश्न सुटला असता. पण लांबीत दुसरी अडचण निघाली, आणि तिथेही तीच गल्लत होती: छापलेला आकडा वेगळा, खरी जागा वेगळी.

कॅबिनेटच्या तक्त्यात ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी ३३० मिमी लिहिलेली होती. कार्ड २८२ मिमी. कागदावर ४८ मिमी शिल्लक. पण तो ३३० चा आकडा हार्ड डिस्कचा पिंजरा काढून टाकल्यावरचा होता, आणि मित्राच्या पिंजऱ्यात चित्रीकरणाच्या दोन हार्ड डिस्क बसलेल्या. मी चाळीसगावला गेलो तेव्हा स्टीलची मोजपट्टी घेऊन मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूपासून पिंजऱ्यापर्यंत मोजलं. २६८ मिमी. मोजताना मोजपट्टी ग्राफिक्स स्लॉटाच्या उंचीवर धरायची, कॅबिनेटच्या तळाशी नाही. कारण पिंजरा काही वेळा खालच्या अर्ध्याच भागात असतो आणि कार्ड त्याच्या वरून निघून जातं. इथे मात्र तो नेमका समोर होता.

पुढे पंखे लावलेले असतील तर तेही वजा करा. नेहमीचा १२० किंवा १४० मिमीचा पंखा २५ मिमी जाड असतो. पाण्याच्या कूलरचा रेडिएटर पुढे बसवला असेल तर साधारण २७ मिमी त्याचे आणि २५ पंख्याचे, असे बावन्न मिमी सरळ गेले. पंखे पुढच्या पत्र्याच्या बाहेर, म्हणजे जाळीच्या आणि पत्र्याच्या मध्ये बसत असतील तर फक्त रेडिएटर मोजायचा. आणि उरलेल्या जागेतून आणखी दहा-पंधरा मिमी मी सोडून देतो. कार्ड स्लॉटात सरळ खाली उतरत नाही. पट्टीचं खालचं जिभेसारखं टोक आधी मदरबोर्ड आणि मागच्या पत्र्याच्या फटीत घालावं लागतं, तेव्हा कार्ड थोडं तिरकं होतं आणि त्याचं पुढचं टोक कशाला तरी अडतं. दोन-तीन मिमीच उरले असतील तर पुढचे पंखे काढा, कार्ड बसवा, मग पंखे परत लावा. जमतं, पण दर साफसफाईला तोच खटाटोप करावा लागतो, आणि खान्देशातल्या धुळीत कॅबिनेट वर्षातून दोनदा तरी उघडावंच लागतं.

तिसरी बाजू थोडक्यात. विजेच्या तारा कार्डाच्या वरच्या कडेत घुसतात आणि तिथून काचेच्या दारापर्यंत वळण घेतात. कार्ड पट्टीपेक्षा उंच असेल आणि तार दाराला दाबली जात असेल, तर जोड सैल होतो. तारेला वळायला तीस-पस्तीस मिमी मोकळे हवेत.

अजून खरेदी केली नसेल तर माझी आवडती पद्धत पुठ्ठ्याची आहे. कार्डाच्या तक्त्यातल्या आकड्यांवरून पुठ्ठ्याचा पोकळ ठोकळा चिकटवायचा, स्लॉटापाशी धरायचा आणि दार लावून बघायचं. तारेच्या जागी जुनीच तार वळवून ठेवायची. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मित्राने ते केलं असतं तर मला फोटो पाठवण्याआधीच त्याला पिंजरा दिसला असता.

एक गोष्ट मात्र पुठ्ठ्यालाही कळत नाही. कार्ड मावणं आणि कार्डाला श्वास घेता येणं यात फरक आहे. कूलरचे पंखे खालून हवा ओढतात. खाली वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचं झाकण किंवा दुसरं कार्ड पाच-सहा मिमीवर असेल, तर पंखा फिरतो, आवाजही करतो, पण हवा तेवढी मिळत नाही. जळगाव, भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बिनएसीच्या खोलीत ३८-४० अंशांची हवा आत शिरते, आणि खोली जितकी तापते जवळपास तितकंच कार्डही तापतं. जानेवारीत बरं चाललेलं मशीन मेमध्ये रेंडरच्या मध्यावर मंदावतं, ते म्हणूनच.

तपासणं सोपं आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये ही ओळ चालवा आणि वीस मिनिटं मोठं रेंडर लावा:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,fan.speed,clocks.gr --format=csv -l 5
```

दर पाच सेकंदांनी तापमान, पंख्याचा वेग आणि कार्डाच्या घड्याळाची, म्हणजे कामाची, गती दिसते. आधी दार लावून, मग दार काढून तेच रेंडर परत करा. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक असेल तर हवा नीट खेळते आहे. फरक आठ-दहाचा असेल, आणि दार लावल्यावर तापमान ८३ च्या आसपास जाऊन गती घसरत असेल, तर कार्ड बसलं आहे पण जागा पुरत नाही. त्याला मी चालणारा अपग्रेड म्हणत नाही.

चाळीसगावच्या मशीनसाठी मग आम्ही दोन वाटा तोलल्या. पिंजरा काढून हार्ड डिस्क बाहेरच्या डब्यात हलवायच्या आणि हेच कार्ड ठेवायचं, किंवा आखूड कार्ड घ्यायचं. त्या डिस्कवर ग्राहकांचं न दिलेलं चित्रीकरण होतं, ते टेबलावर लोंबत ठेवणं मला पटलं नाही. दुकानदाराने खोकं न फाटलेलं बघून बदली करून दिली. नवं कार्ड २४५ मिमी लांब, ४२ मिमी जाड. २६८ मधून २३ मिमी उरले, म्हणजे तिरकं घालायला जागा मिळाली. फायरवायर तरीही चौथ्या स्लॉटात नेलं. ४२ मिमीच्या कार्डाखाली तिसऱ्या स्लॉटात ते कसंबसं मावलं असतं, पण पंखे आणि पाटीमध्ये बोट जाईल एवढीही फट राहिली नसती. दुपारी तीन वाजता, पंखा लावलेल्या खोलीत, दार लावून आम्ही रेंडर चालवलं. तापमान ७६ वर थांबलं, आणि दार काढल्यावर ७३.