आईवडिलांना मुलांकडून दरमहा खर्च हवा असेल तर अर्ज कुठे आणि कसा करायचा

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळ्यांवर ही जबाबदारी आहे, लग्न झालेल्या मुलीवरही. आईवडिलांना साठ वर्षं पूर्ण असायलाच हवीत असं नाही, स्वतःच्या कमाईत किंवा प्रॉपर्टीत भागत नाही एवढं दाखवायचं. घर स्वतःच्या नावावर आहे म्हणून काही मिळणार नाही असं बरेच जण समजतात, पण राहत्या घराच्या भिंतींतून औषधं येत नाहीत ना.

समजा भांडुपला एकटी राहणारी आई आहे, फॅमिली पेन्शन 2500. किराणा 6000, औषधं 3200, सोसायटी मेंटेनन्स 1800, लाइट बिल 900, म्हणजे 11900. पेन्शन वजा केली की 9400 कमी पडतात, तेवढेच मागायचे, आणि हा हिशोब अर्जातच लिहायचा. या कायद्यात महिन्याला जास्तीत जास्त 10000 मिळतात. गरज खूप जास्त असेल तर कोर्टात पोटगी मागता येते, तिथे अशी मर्यादा नाही, पण दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एकच रस्ता निवडावा लागतो.

अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या निर्वाह न्यायाधिकरणात. मुंबईत उपनगरवाल्यांनी वांद्रे पूर्वच्या कलेक्टर ऑफिसात चौकशी करावी, शहरवाल्यांनी फोर्टच्या जुन्या कस्टम हाऊसमध्ये. मुलगा पुण्याला असला तरी आई जिथे राहते तिथे अर्ज चालतो. चालता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा एखाद्या संस्थेला लेखी अधिकार देऊन अर्ज करता येतो. सोबत आधार, वयाचा पुरावा, नातं दिसेल असं रेशन कार्ड, पासबुक, औषधांची बिलं, आणि मुलांचे पूर्ण पत्ते. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि सगळं तिथेच अडकतं, म्हणून माझं मत, बाकी कागदांपेक्षा पत्त्यावर जास्त मेहनत घ्या.

अर्ज एकाच मुलावर केला तर तो बाकीच्या भावंडांनाही ओढू शकतो, त्यामुळे सगळ्यांची नावं आधीच टाकलेली बरी. आधी समेटाचा प्रयत्न होऊ शकतो. नोटीस लागल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर 30 दिवस वाढतात, मधल्या काळासाठी अंतरिम रक्कम अर्जातच मागून ठेवा, ती वेगळी मागायला पुन्हा फेरी नको. ऑर्डरची कॉपी फुकट मिळते.

खरी गडबड ऑर्डरनंतर होते. मुलगा दोन महिने देतो, मग बंद करतो, आणि आई "देईल, देईल" म्हणत थांबते. थकलेली रक्कम वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. वेळेत केला तर वॉरंट निघतं, तरीही नाही दिले तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पैसे रोख घेऊ नका, खात्यातच मागा, कुठला महिना चुकला ते पासबुकात दिसतं.