चार तासांचं गणित पहिल्या दहा किलोमीटरमध्येच चुकतं

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधला एक मित्र मुंबई मॅरेथॉनला चार तासांच्या आत यायचं ठरवून उभा राहिला. वजन ६८ किलो, हाफ मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ १ तास ५२ मिनिटं. अर्ध्या अंतरावर, म्हणजे २१.१ किलोमीटरला, त्याच्या घड्याळात १ तास ५२ मिनिटं ३१ सेकंद झाले होते. साडेसात मिनिटं गाठीशी आहेत म्हणून गडी खूश. तीस किलोमीटरपर्यंत गाडी रुळावर होती. शेवटच्या बारा किलोमीटरमध्ये मात्र वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटांवर घसरला आणि तो ४ तास २ मिनिटं १४ सेकंदांनी आत आला. साठवलेली साडेसात मिनिटं गेली, वर सव्वादोन मिनिटांचं कर्ज चढलं.

पाय दुखले, ऊन लागलं, पेडर रोडच्या चढाने मारलं, अशी कारणं त्याने दिली. यातलं काही खोटं नव्हतं. पण त्याची चूक पहाटेच, अंधारात होऊन गेली होती. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. चार तासांत ती संपवायला किलोमीटरला सरासरी ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. हा पहिला अर्धा भाग ५:२०ने धावला. गंमत अशी की ५:२० हा जवळपास त्याच्या हाफ मॅरेथॉनच्या शर्यतीचा वेग होता. म्हणजे एक शर्यत पूर्ण जोर लावून संपवली आणि लगेच तेवढीच दुसरी सुरू केली.

यामागचा हिशेब इंधनाचा आहे. सपाट रस्त्यावर धावायला किलोग्रॅममागे, किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ६८ किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी झाल्या सुमारे २,८५०. शरीर ही ऊर्जा चरबी आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, अशा दोन्हींमधून काढतं. चरबी भरपूर असते, पण ती जळते सावकाश. ग्लायकोजेन पटकन मिळतं, पण साठा साधारण ५०० ग्रॅमचा, म्हणजे २,००० किलोकॅलरींचा. त्यातही एक अडचण आहे. स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूत वापरलं जातं. हातातली साखर पायाला उसनी मिळत नाही.

जितका वेग जास्त, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. समजा ५:४०च्या वेगाला दोनतृतीयांश ऊर्जा साखरेतून येते, तर लागतात १,९०० किलोकॅलरी. साठा जेमतेम पुरतो. ५:२०ला हा वाटा वाढतो आणि तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पायांतला साठा तळाला जातो. मग शरीराला चरबीवर जास्त विसंबावं लागतं आणि वेग आपोआप पडतो. धावपटू याला 'वॉल' म्हणतात. तिथे जिद्द फारशी कामाला येत नाही, कारण टाकीत काही उरलेलंच नसतं.

म्हणून सुरुवातीला कमावलेले सेकंद महाग पडतात. मी त्याला पुढच्या वर्षासाठी वेगळा आराखडा लिहून दिला. पहिले पाच किलोमीटर ५:४५ने, म्हणजे पाचच्या फलकाला २८:४५. तिथून पस्तीसपर्यंत ५:३८. अर्ध्यावर १:५९:२६, पस्तीसला ३:१७:४५. शेवटची सात किलोमीटर पुन्हा ५:४५ने गेली तरी ३:५९:०७. पहिल्या पाचात शेकडो लोक आपल्याला मागे टाकून जातात, ते सहन करणं हा आराखड्यातला सर्वांत अवघड भाग.

फलकाच्या वेळा देण्यामागेही कारण आहे. शर्यतीचा मार्ग वळणांच्या आतल्या बाजूने, सर्वांत छोट्या वाटेने मोजतात. आपण गर्दी चुकवत बाहेरून जातो, त्यामुळे घड्याळात शेवटी साडेबेचाळीस किंवा जास्तच दिसतं. घड्याळ ५:४१ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस चार तास एक मिनिटाने आत येतो. घड्याळावर सरासरी ५:३७ दिसली तर बरं.

आता हे लक्ष्य झेपणारं आहे का? पीटर रिगल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्राने हाफची वेळ २.०८५ने गुणली की पूर्ण मॅरेथॉनचा अंदाज मिळतो. ११२ मिनिटांचे २३३ होतात, म्हणजे ३ तास ५३ मिनिटं. हिशेबात बसतं. पण आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर धावणाऱ्या हौशी माणसासाठी हे सूत्र फार उदार आहे. १:५५ची हाफ कागदावर चार तासांना पुरते, रस्त्यावर सहसा नाही. आणि हाफला २ तास ५ मिनिटं लागत असतील, तर त्या वर्षी चार तासांचा नाद सोडावा.

त्या मित्राचा आठवडा पाहिला तेव्हा दुसरी चूक दिसली. चारही दिवस तो साधारण ५:४५ने धावायचा. सावकाश म्हणावं तर जास्त, जोरात म्हणावं तर कमी. पायांना विश्रांती नाही आणि वेगाचा सरावही नाही. आम्ही चार दिवसच ठेवले, पण वेग वेगळे केले. मंगळवारी वॉर्मअपनंतर एक किलोमीटरचे पाच तुकडे ५:१०ने, मध्ये दोन मिनिटं हलकं जॉगिंग. गुरुवारी बारा किलोमीटर, त्यातले मधले सात-आठ मॅरेथॉनच्या वेगाने. शनिवारी सहा किलोमीटर अगदी निवांत, पावणेसातने. रविवारी लाँग रन, हळूहळू वाढवत अठ्ठावीस-तीसपर्यंत, साडेसहाच्या आसपास. आठवड्याचे झाले पंचावन्न. दर चौथ्या आठवड्याला अंतर एकचतुर्थांश कमी. असे सोळा आठवडे.

साडेसहाने धावायचं म्हटल्यावर तो वैतागला. "अरे, काकासुद्धा मला मागे टाकतात!" टाकू देत. लाँग रनमध्ये शेजाऱ्याला ऑफिसातली भानगड पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. एकेका शब्दावर आलात की वेग चुकला. दुसरी खूण मंगळवारची. रविवार नीट गेला असेल तर मंगळवारचा पाचवा तुकडा पहिल्याइतकाच येतो. तो दहा-पंधरा सेकंदांनी मागे पडायला लागला की समजायचं, रविवारी शर्यत लावली होती.

धावताना खायच्या एनर्जी जेलचा सराव याच लाँग रनमध्ये. एका जेलमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. चाळिसाव्या मिनिटापासून दर चाळीस मिनिटांनी एक, पाण्याबरोबर. शर्यतीत असे पाच जेल गेले तर सुमारे ५०० किलोकॅलरींची भर पडते आणि काठावरचा हिशेब थोडा आत येतो. भूक किंवा थकवा जाणवायची वाट पाहिली तर उशीर होतो. शर्यतीच्या दिवशी नवा जेल पहिल्यांदा खाणाऱ्यांचं पोट काय करतं, ते तिथल्या फिरत्या शौचालयांसमोरच्या रांगेत दिसतं.

शेवटचा तीस किलोमीटरचा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी. नंतर अंतर उतरवत न्यायचं. इथे लोकांना घबराट होते आणि 'खात्री करून घ्यायला' दोन आठवड्यांवर ते पुन्हा तीस धावतात. त्याचा फायदा शर्यतीपर्यंत फारसा मिळत नाही, थकवा मात्र सोबत येतो.

मुंबईचा हिशेब थोडा वेगळा धरावा लागतो. पहाट बरी असते, पण शेवटच्या दीड तासात ऊन चढतं, हवा दमट असते. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे जातं आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. हाजी अलीहून परतताना पेडर रोडचा चढ नेमका याच वेळी येतो. तिथे वेग धरून ठेवायचा नाही, दम तेवढाच ठेवायचा. किलोमीटरला वीस सेकंद गेले तर जाऊ द्यायचे. पुढे केम्प्स कॉर्नरकडे उतार आहे, त्यातले बरेचसे तिथे परत मिळतात. चौपाटीला पोहोचल्यावर मरीन ड्राइव्ह सपाट पसरलेला असतो, आणि पहाटे किलोमीटरला ५:४५च्या वेगाने निघालेल्या माणसाच्या पायांत तोवर थोडी साखर शिल्लक असते.