बिल्डिंग फॅक्टर (सीआरजीओ कोअर)

बिल्डिंग फॅक्टर म्हणजे तयार ट्रान्सफॉर्मर कोअरमध्ये दर किलोमागे जेवढा वॉट लॉस प्रत्यक्ष मोजला जातो त्याला पत्र्याच्या टेस्ट सर्टिफिकेटवरच्या लॉसने भागल्यावर येणारा आकडा. सर्टिफिकेटवर ०.९० वॉट प्रति किलो लिहिलंय आणि कोअरमध्ये १.०८ आला तर बिल्डिंग फॅक्टर १.२०. तीन फेजच्या तीन लिम्बच्या, म्हणजे तीन उभ्या खांबांच्या, कोअरला साधारण १.१ ते १.३ च्या मधे कुठेतरी येतो. एक पूर्ण कधीच येत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, नो-लोड लॉस, म्हणजे लोड नसतानाही कोअरमध्ये जाणारे वॉट, जास्त आला की पहिला संशय पत्र्यावर जातो, "माल खराब आलाय" म्हणून. बऱ्याचदा माल ठीक असतो, घोळ जोडणीत असतो.

सीआरजीओ म्हणजे कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड, साधारण ३ टक्के सिलिकॉन असलेलं स्टील. नॉर्मन गॉस या अमेरिकन माणसाला १९३४ मध्ये याचं पेटंट मिळालं. रोलिंग आणि अॅनिलिंगचे टप्पे असे लावायचे की पत्र्यातले सगळे कण एकाच दिशेला तोंड करून बसतात आणि रोलिंगच्या दिशेने फ्लक्स एकदम सहज वाहतो. आडव्या दिशेने मात्र तोच पत्रा हट्टी होतो, लॉस तिपटीच्या आसपास जातो. पत्रा ०.२३, ०.२७ किंवा ०.३० मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंना इन्सुलेशनचं पातळ कोटिंग. आपल्याकडे हा माल नाशिकच्या प्लांटमध्येही बनतो, बाकी बराचसा बाहेरून येतो.

कोअर लॉसमध्ये तीन गोष्टी असतात. हिस्टेरेसिस, म्हणजे सेकंदाला ५० वेळा मॅग्नेटिझम उलटसुलट करण्यात जाणारी ऊर्जा. एडी करंट, म्हणजे पत्र्याच्या आतच फिरणारे करंट. आणि तिसरा डोमेनच्या, म्हणजे पत्र्यातल्या एकाच दिशेने मॅग्नेटाइज झालेल्या छोट्या भागांच्या, भिंती हलताना होणारा जास्तीचा लॉस, जो कमी करायला काही ग्रेडच्या पत्र्यावर लेसरने बारीक रेघा मारतात. सर्टिफिकेटवरचा आकडा हा या तिन्हींची बेरीज, आणि तो १.७ टेस्ला फ्लक्स डेन्सिटीला, ५० हर्ट्झला, ३० मिलिमीटर रुंद पट्ट्या एप्स्टाइन फ्रेम या टेस्टच्या चौकटीत घालून किंवा सरळ एकाच शीटवर काढलेला असतो. म्हणजे फ्लक्स रोलिंगच्या दिशेनेच जाणार, पत्र्यावर कुठलाही ताण नाही, कोपरे नाहीत, कुणी कापलेली पत्ती आपटलेली नाही. पत्र्याचा अगदी लाडात मोजलेला लॉस.

आता कोअर बघा. तीन उभे लिम्ब, वर आणि खाली योक. लिम्बमधली पत्ती उभी, योकमधली आडवी, कोपऱ्यात ४५ अंशात कापून एकमेकांना भिडवलेली. भिडवलेली म्हणायचं फक्त, मधे थोडी फट राहतेच. आणि हवा फ्लक्सला अजिबात आवडत नाही. हिशोब करून बघा, १ मिलिमीटरच्या फटीतून फक्त ०.१ टेस्ला ढकलायला सुमारे ८० अँपिअर-टर्न लागतात, चांगल्या सीआरजीओच्या अर्ध्या मीटरच्या लिम्बला १.७ टेस्लावरही एवढे लागत नाहीत. त्यामुळे फ्लक्स फटीतून जातच नाही, तो वरच्या-खालच्या पत्तीत उडी मारतो, फट ओलांडतो आणि परत खाली उतरतो. शेजारच्या पत्तीचा सांधा त्याच जागी नाही, थोडा सरकलेला आहे, म्हणूनच हे शक्य होतं.

जुन्या पद्धतीत, म्हणजे नॉन-स्टेपलॅपमध्ये, सांध्याच्या दोनच जागा असतात, एक थर इकडे एक थर तिकडे, आळीपाळीने. मग कुठल्याही फटीच्या रेषेवर अर्ध्या पत्त्या तुटलेल्या आणि उरलेल्या अर्ध्यांनी सगळा फ्लक्स वाहायचा. १.७ च्या दुप्पट ३.४ टेस्ला. पण हे स्टील २.०३ टेस्लाच्या आसपास भरून जातं, त्यापुढे काही केल्या घेत नाही. म्हणजे तिथे पत्ती पूर्ण सॅच्युरेट होते आणि उरलेला फ्लक्स नाइलाजाने फटीतून जातो. शिवाय उडी मारताना फ्लक्स पत्तीच्या रुंद बाजूतून आत शिरतो, आणि तिथे पातळ पत्र्याचा फायदा संपतो, कारण एडी करंटला फिरायला अख्खी रुंदी मिळते.

स्टेपलॅपमध्ये सांध्याच्या जागा दोनच्या ऐवजी पाच, सहा किंवा सात करतात, प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा काही मिलिमीटर सरकवून, जिन्यासारखा, आणि शेवटच्या पायरीनंतर परत पहिल्यापासून. आता एका फटीच्या रेषेवर N पैकी एकच पत्ती तुटलेली असते, बाकीच्यांनी तिचा वाटा उचलायचा, N म्हणजे पायऱ्या आणि B म्हणजे डिझाइनची फ्लक्स डेन्सिटी:

```
B_gap = B x N / (N - 1)
```

१.७ टेस्लाला पाच पायऱ्या म्हणजे २.१३, सहा म्हणजे २.०४, सात म्हणजे १.९८. बघा, सहापाशी आपण सॅच्युरेशनच्या काठावर येतो आणि सातला आत. सहा-सात पायऱ्यांच्या पुढे फारसं कुणी जात नाही यामागे बऱ्याच अंशी हेच गणित आहे, बाकी कापण्याची आणि रचण्याची कटकट. आणि हेच गणित दुसऱ्या टोकालाही लागू होतं, डिझाइन १.८ टेस्लाला ओढलं की सात पायऱ्यांनाही २.१ होतात आणि स्टेपलॅपचा फायदा बराचसा गळून जातो. पत्रा वाचवायला फ्लक्स वाढवणारे हे विसरतात.

मधला लिम्ब योकला मिळतो तिथला टी-जॉइंट ही वेगळी डोकेदुखी. तीन फेजचे फ्लक्स एकमेकांपासून १२० अंश मागेपुढे असल्यामुळे तिथे फ्लक्सची दिशा स्थिर राहत नाही, गोल फिरते, आणि फिरताना काही क्षण पत्तीच्या आडव्या, हट्टी दिशेने जाते. स्टेपलॅपने हा भाग पूर्ण बरा होत नाही. सिंगल फेजच्या कोअरला बिल्डिंग फॅक्टर कमी येतो त्यात टी-जॉइंट नसण्याचा मोठा वाटा आहे.

एक केस सविस्तर सांगतो, नवी मुंबईतल्या एका शॉपमधली, नाव नको. २५० केव्हीए, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, कोअर ४०० किलो, नेट एरिया १७४ चौरस सेंटिमीटर, सर्टिफिकेट ०.९० वॉट. म्हणजे आदर्श लॉस ३६० वॉट, डिझाइनरने फॅक्टर १.१८ धरून ४२५ ची हमी लिहिलेली. फायनल टेस्टला आले ४६६ वॉट, फॅक्टर १.२९. पर्चेसवाला लगेच सप्लायरला फोन लावायला निघाला.

पण त्या शॉपमध्ये एक चांगली सवय होती, कॉइल चढवायच्या आधी नुसत्या कोअरची टेस्ट घ्यायची. प्रत्येक लिम्बवर साध्या केबलचे १० टर्न गुंडाळायचे आणि हिशोबाने व्होल्टेज द्यायचं, इथे N म्हणजे टर्न, f फ्रिक्वेन्सी, B टेस्लामध्ये आणि A नेट एरिया चौरस मीटरमध्ये:

```
V/N = 4.44 f B A
    = 4.44 x 50 x 1.7 x 0.0174
    = 6.57 V
```

म्हणजे १० टर्नला ६६ व्होल्ट. हे व्होल्टेज सरासरी मोजणाऱ्या मीटरवर लावायचं, कारण वेव्ह वाकडी असली तर आरएमएस मीटर फ्लक्सबद्दल चुकीचं सांगतो. त्या टेस्टला याच कोअरने ४१८ वॉट दिले होते, फॅक्टर १.१६. म्हणजे संशयातून पत्रा सुटला, कापणी सुटली, खालचा योक सुटला. ४१८ आणि ४६६ च्या मधे फक्त एकच काम झालं होतं, वरचा योक काढून कॉइल बसवून योक परत भरणं.

योक परत उघडला तर सगळं दिसलंच. रचताना दोन-दोन पत्त्यांचा थर होता, भरताना कुणीतरी घाईत पाच-सहा पत्त्या एकदम सरकवल्या होत्या, त्यामुळे मधल्या लिम्बवर पायऱ्यांचा क्रम मोडून दोन-तीन ठिकाणी सांधे एकाखाली एक आले होते. फीलर गेज घातला तर काही फटी ३ मिलिमीटरच्या. शिवाय पत्ती बसेना म्हणून ठोकलेली, टोकं वाकलेली. चार माणसांनी अख्खा दिवस घालवून योक पुन्हा दोन-दोनने भरला, वाकलेल्या पत्त्या बदलल्या. परत टेस्ट केली तर ४२३ वॉट, फॅक्टर १.१७५. नुसत्या कोअरपेक्षा पाच वॉट जास्तच राहिले, एकदा हाताळलेली पत्ती पूर्वीसारखी होत नाही, पण हमीच्या आत आले. वाचलेले ४३ वॉट किरकोळ वाटतात, पण ट्रान्सफॉर्मर वर्षभर चालूच असतो, वर्षाला ३७७ युनिट होतात.

योक उघडण्याआधीही दोन खुणा होत्या. नो-लोड करंट लॉसपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वाढला होता, आणि फटी वाढल्याची ही ठरलेली खूण आहे, कारण फट वॉटपेक्षा अँपिअर जास्त खाते. पत्राच खराब असता तर नुसत्या कोअरच्या टेस्टलाच वॉट चढलेले दिसले असते. दुसरी खूण आवाज, टेस्ट बेवर उभं राहिलं की गुणगुण नेहमीपेक्षा खरखरीत येत होती. ऑपरेटर कानानेच सांगत होता, "साहेब, वरून वाजतोय."

बाकीची कारणं थोडक्यात. कटिंगचा बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी खरबरीत धार, २० मायक्रॉनच्या वर गेला की पत्त्या कडेने एकमेकींना शॉर्ट होतात, हे ब्लेडला धार नसल्याचं लक्षण. भोकं पाडून बोल्ट मारण्यापेक्षा टेपने बांधलेला कोअर बरा. क्लॅम्प जास्त आवळला तर ताणाने लॉस वाढतो. पावसाळ्यात खाडीच्या हवेत कापलेल्या कडा दोन-चार दिवसांत गंजतात, तिथे कोटिंग नसतं. आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेली पत्ती वापरली असेल तर बिल्डिंग फॅक्टर काढण्यात अर्थच नाही, भागायचं कशाने तेच माहीत नसतं.

या आकड्याचा एक गैरवापर फार चालतो. जितका पत्रा चांगला तितका बिल्डिंग फॅक्टर वाईट येतो, कारण हायबी, म्हणजे वरच्या ग्रेडच्या, पत्र्याचे कण जास्त शिस्तीत असतात आणि सांध्यात दिशा बदलली की त्याचं जास्त बिघडतं. समजा साध्या पत्र्याला १.२० वॉट आणि फॅक्टर १.१० आला तर कोअरमध्ये १.३२ वॉट. हायबीला ०.९० आणि फॅक्टर १.२० आला तर १.०८. फॅक्टर बघून पहिल्या शॉपची जोडणी भारी असं म्हणणारे कोटेशन तुलना करताना भेटतात. फॅक्टर एकाच ग्रेडच्या, एकाच आकाराच्या, एकाच टेस्लाच्या दोन कोअरमध्येच लावून बघायचा. छोट्या कोअरमध्ये एकूण वजनात कोपऱ्यांचा वाटा मोठा असतो, म्हणून तिथे तोच माल आणि तेच कारागीर असूनही आकडा चढाच दिसतो.