जुन्या फॉन्टमधल्या स्लाइड्स युनिकोडमध्ये आणणं (क्रुती देवचं उदाहरण)

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आणि कधीतरी स्लाइडवर पेस्ट केलेला मराठी मजकूर खऱ्या देवनागरी अक्षरांमध्ये बदलणं, म्हणजे मग तो शोधता येतो, सुधारता येतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला तरी वाचता येतो. सोलापुरात असल्या फायली कुठंही सापडतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, सूतगिरणीच्या वार्षिक सभेच्या, मंडळाच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा क्रुती देवमध्येच, कारण टायपिंग शिकलेल्या माणसाची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांच्या पट्टीवर बसलेली असतात आणि क्रुती देवची पट्टी तीच. म्हणून इथं क्रुती देवचंच उदाहरण घेतलंय. श्रीलिपी, डीव्ही योगेश, शिवाजी यांचे नकाशे, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं अक्षर ते, वेगळे, पण दुखणं तेच.

दुखणं काय आहे ते आधी बघू. क्रुती देवमध्ये फायलीत मराठी नसतंच! फायलीत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी चित्र दाखवतो. d या अक्षराचं चित्र क, k चं चित्र काना, j चं चित्र र. म्हणून ज्या कॉम्प्युटरवर हा फॉन्ट नाही तिथं सोलापूर हे lksykiwj असं दिसतं. समजा गड्ड्याच्या यात्रेची माहिती सांगणारी एक स्लाइड आहे आणि तिचं शीर्षक आहे "सिद्धेश्वर यात्रेचा नंदीध्वज मार्ग". फायलीत प्रत्यक्षात हे पडलेलं असतं:

```
fl)s'oj ;k=spk uanh/ot ekxZ
```

आता Ctrl+F करून सिद्धेश्वर शोधा, काही सापडणार नाही, कारण तो शब्द तिथं नाहीच, तिथं एक कंस आहे आणि तो कंस म्हणजे द्ध. काही जुने ऑपरेटर म्हणून शोधायच्या चौकटीत fl) असंच टाकतात आणि त्यांचं भागतंही, पण हे त्यांनाच जमतं.

पहिली चूक बहुतेक सगळे एकच करतात (मीही केलीय). पॉवरपॉइंटमध्ये Replace Fonts आहे, तिथं Kruti Dev 010 च्या जागी Mangal दिलं की काम झालं असं वाटतं. तसं होत नाही. फॉन्टचं नाव बदलतं, आतली अक्षरं तीच राहतात, आणि सगळ्या स्लाइडभर fl)s'oj उमटतं. त्याहून वाईट म्हणजे कुठला मजकूर जुन्या फॉन्टमधला होता याची एकमेव खूण, ते फॉन्टचं नाव, आपणच पुसून टाकलेलं असतं. म्हणून ती यादी उघडायची ती फक्त बघायला, फायलीत कुठकुठले फॉन्ट आहेत ते कागदावर लिहून घ्यायचं आणि बंद करायचं. नाव आधीच कुणी पुसलं असेल तर मजकुराच्या चेहऱ्यावरून अंदाज येतो. मराठी हा शब्द ejkBh असा दिसला तर क्रुती देवचं घराणं, आणि ¨É®úÉ`öÒ असा चिन्हाचिन्हांचा दिसला तर डीव्ही योगेशचं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्राम म्हणजे कन्व्हर्टर, आणि चुकीच्या घराण्याचा कन्व्हर्टर लावला तरी तो काहीतरी देवनागरी बाहेर काढतोच, त्यामुळं पहिल्या दोन ओळी वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये.

कन्व्हर्टर करतो काय, तर आधी अक्षराला अक्षर बदलतो. e चा म, k चा काना, x चा ग. हे सोपं. अवघड आहे तो क्रम. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारावी लागते कारण ती डाव्या बाजूला दिसते, आणि रफार शेवटी मारावा लागतो कारण तो वर उजवीकडं बसतो. युनिकोडमध्ये मात्र आपण बोलतो तो क्रम असतो. म्हणजे fl) मधली f उचलून स च्या नंतर न्यायची, तेव्हा सि होतो. ekxZ मधला Z हा रफार, तो उचलून ग च्या आधी आणायचा, म, काना, र्, ग असा. विद्यार्थी हा शब्द fo|kFkhZ असा पडलेला असतो, त्यातल्या Z ला दुसरी वेलांटी आणि थ दोन्ही ओलांडून डावीकडं यावं लागतं. आणि स्थिती म्हणजे fLFkrh, इथं वेलांटीनं नुसता स् ओलांडून चालत नाही, अख्खा स्थ ओलांडावा लागतो, नाहीतर वेलांटी अर्ध्या स वर लटकते आणि तिथं टिपक्यांचं एक गोल चिन्ह दिसतं. तो गोल दिसला की समजायचं क्रम बिघडलाय. हा गोल फायलीत नसतो, फक्त पडद्यावर दिसतो, त्यामुळं तो शोधून सापडत नाही, डोळ्यांनीच बघावा लागतो.

आता स्लाइडची स्वतःची भानगड, जी साध्या वर्डच्या पानावर फारशी टोचत नाही. पॉवरपॉइंट एका ओळीतला मजकूर तुकड्यांमध्ये साठवतो, आणि मधलं एक अक्षर बोल्ड केलं, रंग बदलला, किंवा नुसतं नंतर येऊन दुरुस्त केलं तरी नवीन तुकडा पडू शकतो. डॉट पीपीटीएक्स फाइल ही खरं तर झिप असते, ती उघडून ppt/slides मधली slide1.xml बघितली तर आपलं शीर्षक असं सापडू शकतं:

```xml
<a:r><a:rPr b="1"/><a:t>uanh/ot ekx</a:t></a:r>
<a:r><a:rPr/><a:t>Z</a:t></a:r>
```

पडद्यावर मार्ग एकसंध दिसतोय, पण रफार दुसऱ्या तुकड्यात गेलाय. तुकड्या तुकड्यानं बदलणारी स्क्रिप्ट किंवा मॅक्रो लावला की पहिल्या तुकड्याचा माग होतो, दुसऱ्याचा एकटा र्, आणि स्लाइडवर येतं "नंदीध्वज मागर्". मग कुणीतरी घाईत तो लोंबणारा र् पुसतो आणि उरतं "नंदीध्वज माग". सोलापुरात माग म्हणजे काय ते सांगायला नको, शब्द अगदी बरोबर, स्पेलचेक गप्प, आणि नंदीध्वज थेट यंत्रमागाच्या शेडमध्ये! म्हणून बदल नेहमी पूर्ण परिच्छेदाचा एकदम करायचा, बोल्ड आणि रंग गेले तर जाऊ द्यायचे, ते नंतर परत देता येतात.

हातानं करायचं असेल तर पद्धत अशी. जुनी डॉट पीपीटी फाइल असेल तर आधी Save As करून डॉट पीपीटीएक्स करा आणि मूळ फाइल बाजूला ठेवा, शेवटपर्यंत पुसू नका. मग एकेका पेटीतला मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाका, बदललेला मजकूर परत पेस्ट करताना Keep Text Only निवडा, आणि मग अख्खी पेटी सिलेक्ट करून तिला Nirmala UI किंवा Mangal द्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात, कारण पेस्ट केल्याबरोबर मराठी नीट दिसतं. ते दिसतं कारण पॉवरपॉइंट इंग्रजी अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसाठी दुसरा फॉन्ट लक्षात ठेवतो, देवनागरीला त्यानं आपला चांगला फॉन्ट लावला, पण इंग्रजीच्या खात्यात अजून क्रुती देवच बसलाय. उद्या त्याच ओळीत कुणी GST टाइप केलं की ळैज् उमटणार.

गंमत अशी की ळैज् दुसऱ्याही एका कारणानं येतो. मूळ स्लाइडवर GST हा शब्द एरियलमध्ये होता आणि परिच्छेदाबरोबर तोही कन्व्हर्टरमध्ये गेला, तर कन्व्हर्टरनं G चा ळ, S चा ऐकार आणि T चा अर्धा ज करून ठेवला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकात फॉन्ट बदलला की झालं आणि दुसऱ्यात अक्षरंच बदललीत, ती परत टाइप करायला लागतात. ओळखायचं असेल तर तेवढाच शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, तिथं GST आलं तर पहिला प्रकार, ळैज् आलं तर दुसरा. आकड्यांचंही तसंच, क्रुती देवमध्ये स्वल्पविराम म्हणजे ए, त्यामुळं इंग्रजीत लिहिलेले 1,500 टॉवेल कन्व्हर्टरमधून 1ए500 टॉवेल होऊन बाहेर येतात. वेबसाइटच्या पत्त्यातल्या www चे तर तीन दीर्घ उकार होतात.

सगळा मजकूर एका झटक्यात मिळावा म्हणून काहीजण Outline View मधून कॉपी करतात. तिथं फक्त लेआउटच्या ठरलेल्या चौकटींतला मजकूर येतो, स्वतः काढलेले टेक्स्ट बॉक्स, टेबलं, चार्टवरची नावं येत नाहीत आणि खालच्या नोट्सही नाहीत. स्लाइडवर चित्र म्हणून चिकटवलेलं मराठी असेल तर तिथं कन्व्हर्टरचा काही उपयोग नाही, ते बघून टाइप करावं लागतं. आणि क्रुती देवचं अक्षर त्याच पॉइंटला बारीक दिसतं, त्यामुळं 36 ला बसणारी ओळ मंगलमध्ये पेटीबाहेर जाते, साइज उतरवावी लागते.

श आणि ष वेगळे तपासावेत. क्रुती देवमध्ये एकेरी अवतरण म्हणजे अर्धा श आणि दुहेरी अवतरण म्हणजे अर्धा ष, आणि पॉवरपॉइंटचा ऑटोकरेक्ट सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं करत असतो. सिद्धेश्वर मधला श् असा कुठंतरी निसटतो, आणि एका स्लाइडवर तो बरोबर आणि पुढच्या स्लाइडवर चुकीचा असंही होतं, कारण एक कुठूनतरी पेस्ट केलेली असते आणि दुसरी तिथंच टाइप केलेली.

सगळं नीट दिसायला लागल्यावरही मराठीची एक खास अडचण उरते. बरेच कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेले आहेत आणि हिंदीत ऱ्य नाही, त्यामुळं शेतकऱ्यांना, दुसऱ्या, पुढाऱ्यांनी यांचं शेतकर्यांना, दुसर्या, पुढार्यांनी होतं. सरसकट र्य चा ऱ्य करून टाकू असं वाटतं, पण मग आचार्य आणि कार्यक्रम बिघडतात, म्हणून Find मध्ये र्य टाकून एकेक बघतच जावं लागतं. वर हा ऱ्य दोन तऱ्हेनं साठवता येतो, एकतर ऱ हे वेगळं अक्षर, U+0931, घेऊन त्याला हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, U+200D. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. ॲडव्होकेटचा ॲ सुद्धा एक अक्षर किंवा अ वर चंद्र असा दोन प्रकारे असतो, आणि बँक तर कुणी चंद्रबिंदूनं लिहितं कुणी चंद्र आणि अनुस्वार वेगळा देऊन, आणि सहकारी बँकेच्या अहवालात हा शब्द पानापानावर. एक प्रकार ठरवायचा आणि Replace नं बाकीचे त्यात आणायचे. तपासायला सोपं, स्लाइडमधून कॉपी करून शोधायचं नाही, तसं तर सापडणारच, कीबोर्डवर स्वतः शेतकऱ्यांना आणि बँक टाइप करून शोधायचं, आणि जेवढ्या ठिकाणी डोळ्यांना दिसतात तेवढे सापडतात का ते मोजायचं.