पाऊस-शॉवर छतातून की भिंतीतून? प्रश्न मुख्यतः उंचीचा आहे

न्हाणीघराचे नूतनीकरण करताना डोक्यावरून पडणाऱ्या शॉवरची दांडी छतातून खाली सोडावी की भिंतीतून पुढे काढावी, हा प्रश्न बहुधा दिसण्याच्या अंगाने सोडवला जातो. गोव्यातील बहुतेक स्वतंत्र घरांत मात्र पाणी गच्चीवरच्या टाकीतून केवळ उतारानेच येते. अशा घरांत कोणती दांडी बरी हे मुख्यतः शॉवरचे तोंड कोणत्या उंचीवर येते यावर ठरते.

टाकीतील पाण्याची पातळी आणि शॉवरचे तोंड यांच्यातील उभे अंतर म्हणजेच शॉवरला मिळणारा दाब. 10 मीटर अंतराला साधारण 1 बार दाब मिळतो. नळी वाटेत छतापर्यंत चढून पुन्हा खाली आली तरी हा हिशेब बदलत नाही. एल्बो, म्हणजे नळीचे वळणाचे जोड, आणि नळीची लांबी यांमुळे घर्षणात थोडा दाब जातो, एवढेच.

फोंड्याकडच्या एखाद्या एकमजली घराचे उदाहरण घेऊ. जमिनीपासून स्लॅबचा तळ 3 मीटरवर, स्लॅब 15 सेंटीमीटर जाड आणि त्यावर 1 मीटर उंच चौथऱ्यावर टाकी, म्हणजे टाकीचा तळ 4.15 मीटरवर आला. भिंतीतील दांडीवर शॉवरचे तोंड साधारण 2.1 मीटरवर येते, म्हणून टाकी जवळजवळ रिकामी असतानाही त्याला सुमारे 2 मीटरचा दाब मिळतो. तोच शॉवर आखूड दांडीने छताला लावला, तर तोंड 2.85 मीटरवर जाते आणि दाब उरतो जेमतेम 1.3 मीटर. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने पाणी एक तृतीयांशाने नव्हे, तर सुमारे एक पंचमांशाने कमी होते; तरीही आधीच मंद असलेल्या धारेत ही घट चांगलीच जाणवते. टाकी भरलेली असली की दोन्हीकडे आणखी मीटरभर दाब मिळतो, आणि म्हणूनच सकाळी बरा चालणारा शॉवर संध्याकाळी रुसतो.

छताची दांडीच हवी असेल, तर सुमारे 90 सेंटीमीटर लांबीची घ्यावी. तोंड पुन्हा 2.1 मीटरवर येते आणि गमावलेला दाब परत मिळतो. दुकानांत ठेवलेली वीतभर लांबीची दांडी उंच छताच्या न्हाणीघरात निव्वळ शोभेची ठरते, असे माझे मत आहे.

आता मुख्य अडचण. आठ इंची पाऊस-शॉवर नीट चालायला सर्वसाधारणपणे 1 बारच्या आसपास दाब लागतो आणि आपल्या उदाहरणात तो 0.2 बार आहे. इतक्या कमी दाबावर रुंद तबकडी पूर्ण भरत नाही. कडेची भोके कोरडी राहतात आणि तबकडी जराशी कलली, तरी सगळे पाणी खालच्या बाजूने ओघळते. भिंतीच्या दांडीवर हा कल सहज येतो, कारण तबकडीचे वजन दांडीच्या टोकाशी असते. या दाबावर चार इंची शॉवर समाधानकारक चालतो. दुमजली घराच्या तळमजल्यावर तीनेक मीटर अधिक मिळाल्यामुळे परिस्थिती बरी असते, पण तिथेही 1 बार भरत नाही.

खरेदीपूर्वी चाचणी घ्यायची ती खालच्या नळावर नको. गुडघ्याएवढ्या उंचीच्या नळाला शॉवरपेक्षा दीड मीटर दाब जास्त मिळतो आणि त्याची जोरदार धार पाहून फसायला होते. शॉवरच्या जागीच, तबकडी न लावता, दांडीतून बादली भरून पाहावी. 10 लिटरची बादली मिनिटभरात भरत नसेल, तर आठ इंची तबकडीचा विचार सोडावा किंवा पंपाची तयारी ठेवावी.

प्रेशर पंप टाकीच्या तोंडाशीच बसवतात. फ्लो स्विचचा पंप पाणी आपोआप थोडे वाहू लागल्यावरच सुरू होतो. छताजवळच्या शॉवरला उतारच अपुरा असेल, तर पंप जागाच होत नाही. तिथे नळीतला दाब उतरताच सुरू होणारा प्रेशर स्विचचा पंप घ्यावा आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर पाणी अडू नये म्हणून पाणी उलट जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह बायपास नळी टाकून घ्यावी.

कौलारू घरात स्लॅबच नसल्याने निवड भिंतीचीच उरते. चिऱ्याची भिंत ठिसूळ असते आणि लांब दांडीचा सगळा भार तिच्या मुळाशी येतो. म्हणून भिंतीतला एल्बो पितळी आट्यांचा घ्यावा आणि तो सिमेंटात पक्का बसवावा. नुसता प्लास्टिकचा एल्बो तडकला, तर पाणी आतल्या आत झिरपते आणि ओल दिसते ती बहुधा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला.