प्रायमरी सारखी का बदलते: मोंगोडीबीच्या १० सेकंदांमागची गोष्ट

रेप्लिका सेटमध्ये, म्हणजे एकच डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरच्या गटात, राइट्स घेणारी प्रायमरी निवडायची इलेक्शनं सारखी व्हायला लागली की पहिला आरोप लेटन्सीवर जातो, आणि मग कोणीतरी `rs.status()` मारून `pingMs` बघतं, तिथे ४० मिलिसेकंद दिसतात आणि सगळे गप्प होतात, कारण टाइमआउट तर १० सेकंदांचा आहे, ४० मिलिसेकंदांनी काय होणार? हे १० सेकंद आले कुठून आणि एवढे असूनही कमी का पडतात हे समजून घ्यायचं तर जरा मागे जावं लागतं.

सुरुवातीच्या मोंगोडीबीत मास्टर-स्लेव्ह होतं, त्यात मास्टर गेला की माणसानेच उठून दुसरा उभा करायचा. मग रेप्लिका पेअर आले, दोन सर्व्हर आणि वाद मिटवायला एक आर्बिटर. रेप्लिका सेट आले ऑगस्ट २०१० मध्ये, १.६ व्हर्जनसोबत. तेव्हापासूनची मूळ पद्धत तीच आहे: प्रत्येक मेंबर दर २ सेकंदांनी बाकीच्या प्रत्येकाला हार्टबीट पाठवतो, १० सेकंद उत्तर आलं नाही तर तो मेंबर गेला असं धरतो, आणि प्रायमरीला बहुमत दिसेनासं झालं तर ती स्वतःहून खाली उतरते.

पण निवडणुकीचा जुना प्रोटोकॉल, ज्याला आता पीव्ही-० म्हणतात, तो घरगुतीच होता. कुठलाही मेंबर व्हेटो देऊ शकायचा, आणि एकाच फेरीत कोणी दोनदा मत देऊ नये म्हणून दोन मतदानांमध्ये ३० सेकंदांचं अंतर ठेवलेलं, म्हणजे पहिलं इलेक्शन फसलं तर क्लस्टर बराच वेळ बिनप्रायमरीचा. २०१३ मध्ये जेप्सेन या डेटाबेस तपासणाऱ्या प्रकल्पाच्या चाचणीने दाखवलं की नेटवर्क तुटल्यावर जुन्या प्रायमरीने होकार दिलेले राइट्स नंतर गायब होऊ शकतात, तेव्हा यावर बरीच चर्चा झाली.

डिसेंबर २०१५ मध्ये ३.२ सोबत पीव्ही-१ आला, त्याचा पाया राफ्ट हा एकमत घडवणारा अल्गोरिदम. आता प्रत्येक इलेक्शनला टर्म नंबर मिळाला, एका टर्ममध्ये एक मत, त्यामुळे त्या ३० सेकंदांची गरज संपली. खरं इलेक्शन लावण्याआधी उमेदवार आधी कोरडी चाचणी घेतो, मतं मिळणार असतील तरच टर्म वाढवतो. सेकंडरीने प्रायमरीची वाट किती बघायची यासाठी `electionTimeoutMillis` ही वेगळी सेटिंग आली, डिफॉल्ट १००००. राफ्टच्या पेपरात १५० ते ३०० मिलिसेकंदांची उदाहरणं आहेत, त्या मानाने मोंगोडीबीवाल्यांनी फारच सैल ठेवलंय, आणि माझ्या मते ते बरोबरच केलं. पीव्ही-० चा सपोर्ट ४.० मध्ये काढूनच टाकला.

मग १० सेकंद कसे संपतात? सरासरी लेटन्सीने नाही संपत, पॅकेट हरवल्याने संपतात. समजा लिंक साडेसहा सेकंद पूर्ण बंद पडली. लिनक्सचं टीसीपी हरवलेलं पॅकेट साधारण ०.२ सेकंदांनी परत पाठवतं, तेही गेलं तर थांबायचा वेळ दुप्पट करतं, मग परत दुप्पट. म्हणजे प्रयत्न होतात ०.२, ०.६, १.४, ३.० आणि ६.२ सेकंदांना, हे सगळे बंद लिंकवर वाया गेले, आणि पुढचा प्रयत्न थेट १२.६ ला. लिंक साडेसहालाच परत आलेली असते पण त्या कनेक्शनला ते कळतच नाही, ते गप्प बसून राहतं आणि तोवर १० सेकंद उलटून जातात. नेटवर्कवाले म्हणतात सहा-सात सेकंदांचा ब्लिप होता, डेटाबेसवाले म्हणतात बारा सेकंद काहीच आलं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. `pingMs` मात्र सरासरी असल्यामुळे नंतर परत चांगलाच दिसतो.

एवढ्यावर फारतर एक इलेक्शन व्हायला हवं. सारखी का होतात याचं उत्तर बरेचदा प्रायॉरिटीत असतं, आणि हे फार लोक तपासत नाहीत. तीन मेंबर घ्या: अ एका डेटासेंटरमध्ये, ब आणि क दुसऱ्या. अ ला प्रायॉरिटी २, बाकी दोघांना १, कारण कोणाला तरी ॲप्लिकेशन अ च्या जवळ हवं होतं. लिंक अडकली. अ ला बहुमत दिसत नाही, ती उतरते. तिकडे ब आणि क मिळून दोन मतं, ब निवडून येते. लिंक परत आली, अ ला दिसतं की माझी प्रायॉरिटी जास्त आहे, मग ती ऑपलॉग, म्हणजे राइट्सची नोंदवही, भरून काढते, ब च्या दोनएक सेकंदांच्या आत पोचली की स्वतःच इलेक्शन लावते आणि परत प्रायमरी होते. याला प्रायॉरिटी टेकओव्हर म्हणतात आणि हा बग नाही, सांगितलेलं कामच ती करते. पण परिणाम असा की प्रत्येक ब्लिपमागे दोन इलेक्शनं, आणि प्रायमरी पुन्हा त्याच खराब लिंकच्या एकट्या टोकाला जाऊन बसते, पुढच्या ब्लिपची वाट बघत.

वर, अ उतरायच्या आधी थोडा वेळ अ आणि ब दोघीही स्वतःला प्रायमरी समजत असू शकतात. तेवढ्यात `w: 1` ने, म्हणजे फक्त प्रायमरीच्या होकारावर, अ वर लिहिलेलं ब कडे पोचलेलं नसतं, आणि अ परत सेटमध्ये आली की ते रोलबॅक होतं. ५.० पासून `w` चा डिफॉल्ट बहुतेक सेटअपमध्ये `majority`, म्हणजे बहुमताचा होकार, झाला, जुन्या क्लस्टरवर मात्र हे स्वतः बघावं लागतं. ४.२ च्या आधी तर प्रायमरी उतरताना सगळी क्लायंट कनेक्शनं तोडून टाकायची, म्हणून तेव्हा दोन इलेक्शनं म्हणजे ॲप्लिकेशनला दोन वेळा कनेक्शनांची झुंबड.

ओळखायचं कसं? सेकंडरीच्या लॉगमध्ये `Starting an election, since we've seen no PRIMARY` अशी ओळ येते आणि थोड्याच वेळात दुसऱ्या मेंबरवर टेकओव्हरची. ४.२ च्या पुढच्या व्हर्जनवर प्रत्येक मेंबरवर हे चालवा:

```
db.serverStatus().electionMetrics
```

यात इलेक्शन कशामुळे लागलं त्याप्रमाणे वेगवेगळे आकडे असतात. ब आणि क वर `electionTimeout` वाढतोय आणि अ वर `priorityTakeover` जवळपास तेवढाच वाढतोय, तर वरचीच गोष्ट चालू आहे. `priorityTakeover` शून्य आणि फक्त `electionTimeout` वाढतोय तर प्रायॉरिटीला दोष देऊ नका, लिंक किंवा त्या मशीनचं अडकणं बघा, कारण व्हर्च्युअल मशीन काही सेकंद गोठली तरी बाहेरून ते नेटवर्क गेल्यासारखंच दिसतं.

प्रायॉरिटीचा प्रकार असेल तर एकट्या टोकाचीच खाली आणायची:

```
cfg = rs.conf()
cfg.members[0].priority = 0.5
rs.reconfig(cfg)
```

(`members[0]` हीच अ आहे ना ते आधी बघून घ्या.) आता प्रायमरी ब किंवा क वर राहते, लिंक अडकली तरी त्या दोघी एकमेकींना दिसत असतात म्हणून इलेक्शनच लागत नाही, अ फक्त मागे पडते आणि नंतर भरून काढते. ॲप्लिकेशन अ जवळ असेल तर `w: 1` च्या राइट्सना जास्तीचे ४० मिलिसेकंद लागतील, ती किंमत आहेच.

बरेच जण त्याऐवजी `electionTimeoutMillis` २०००० करतात. वरच्या उदाहरणातल्या १२.६ सेकंदांना ते पुरतं, पण मग प्रायमरीचं मशीन खरोखर मेलं तरी वीस सेकंद कोणी हलणार नाही, आणि अ ची प्रायॉरिटी तशीच ठेवली तर जरा मोठा ब्लिप आला की परत दोन इलेक्शनं लागणारच.