‘बेटा’ म्हणणारे काका: ट्रान्सफरन्स कुठलं, काउंटरट्रान्सफरन्स कुठलं

परीक्षेच्या पेपरात हा प्रश्न सगळ्यांचा बरोबर येतो. क्लायंटच्या मनात समुपदेशकाविषयी जे उमटतं ते ट्रान्सफरन्स, आणि समुपदेशकाच्या मनात क्लायंटविषयी जे उमटतं ते काउंटरट्रान्सफरन्स. प्रत्यक्ष खोलीत बसल्यावर मात्र ही व्याख्या फारशी पुरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एकमेकींना खतपाणी घालत असतात आणि आतून दोन्ही अगदी साध्या, सरळ भावनांसारख्याच वाटतात. शिवाय खोलीतली प्रत्येक भावना या दोहोंपैकी एकीत बसतेच असंही नाही. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहू. उदाहरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, पण नागपुरात समुपदेशन करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

धरमपेठेतलं एक छोटं केंद्र. समुपदेशक अठ्ठावीस वर्षांची, मूळची चंद्रपूरची. क्लायंट साठीतले काका, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आठ महिन्यांपूर्वी पत्नी गेली, तेव्हापासून झोप नाही. फॅमिली डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि समुपदेशनाला पाठवलं. पहिल्या सत्रात मुलीचा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, “पोरगी पुण्याले असते. बिझी राहते. मी नाही करत फोन. तिले वाटलं तर करन.” दुसऱ्या सत्रापासून ‘मॅडम’चं ‘बेटा’ झालं. तिसऱ्या सत्राला त्यांनी संत्रा बर्फीचा डबा आणला: “घे बेटा, तू दिवसभर काही खात नाही वाटते.”

इथपर्यंत ट्रान्सफरन्स आहे का? नवीन समुपदेशक लगेच ‘हो’ म्हणतात. मी इतक्यात तसं म्हणणार नाही. आपल्याकडे साठीतला माणूस तिशीतल्या मुलीला ‘बेटा’ म्हणतो ते रिक्षात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडेच म्हणतो. डबा आणणं हीही इथली रीत आहे. एवढ्या भांडवलावर अर्थ लावायला बसलं तर माणसाच्या साध्या आपुलकीचा आजार होतो. हे फक्त नोंदवून ठेवायचं.

चौथ्या आठवड्यात समुपदेशक घरच्या लग्नासाठी रजेवर होती. तिनं ते दोन आठवडे आधी सांगितलं होतं, काकांनी मान डोलावली होती. पाचव्या आठवड्यात काका आले, बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमचं बरोबर आहे मॅडम. तुमाले बी कामं असतात. मी कोणाले फोन करून तरास देत नाही.”

आता हे ट्रान्सफरन्स आहे, आणि ते कशावरून ओळखायचं हे शिकण्यासारखं आहे. पहिली गोष्ट प्रमाणाची. आधी कळवून घेतलेल्या एका रजेच्या मानानं हा घाव मोठा आहे. दुसरी गोष्ट अशी की रजेत फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं नंबर दिलेला नव्हता आणि काकांनी मागितलाही नव्हता. म्हणजे फोनचं वाक्य या खोलीतलं नाही, ते पुण्याच्या मुलीसोबतच्या नात्यातून जसंच्या तसं उचलून इथं आलंय. तिसरी गोष्ट पद्धतीची. राग बोलून दाखवायचा नाही, स्वतः मागे सरायचं आणि समोरच्याला मोकळं सोडल्यासारखं करून अपराधी ठेवायचं. हीच चाल मुलीच्या बाबतीत आहे, आणि खोदलं तर बहुधा त्याही आधीच्या कुणाच्या बाबतीत सापडेल. ‘बेटा’चं एका झटक्यात पुन्हा ‘मॅडम’ झालं, तेही ऐकायला हवं.

ट्रान्सफरन्स म्हणजे क्लायंटचा आपल्यावर जीव जडणं, असा एक समज घट्ट बसलेला आहे. तो सोडा. जुन्या नात्यातली अपेक्षा, भीती, राग, रुसवा, काहीही इथं येऊ शकतं. आणि ते नातं आई-वडिलांचंच असावं असंही नाही. इथं वडिलांच्या वयाचा माणूस समुपदेशकाला मुलीच्या जागी बसवतोय.

एक खबरदारी मात्र घ्या. समजा ती रजा न कळवता घेतली असती आणि काका सक्करदऱ्याहून उन्हातान्हात येऊन बंद दारावरून परत गेले असते, तर त्यांचा राग हा सरळ राग होता. त्याला ट्रान्सफरन्स म्हणणं म्हणजे आपली चूक त्यांच्या बालपणाच्या खात्यात टाकणं. तिथं आधी माफी मागायची.

आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला येऊ. काकांचं वाक्य ऐकून समुपदेशकाच्या पोटात कालवलं. तिनं ते सत्र वीस मिनिटं लांबवलं. जाताना म्हणाली, “काका, वाटलं तर रविवारी पण या, मी येईन.” केंद्र रविवारी बंद असतं. आणि या गडबडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेली. मध्येच काका सहज बोलून गेले होते, “गोळ्या काही मी रोज घेत नाही. जमा करून ठेवल्या आहे डब्यात.” तिनं ते ऐकलं, मान हलवली आणि विषय जेवणाकडे नेला.

सुपरव्हिजनमध्ये विचारल्यावर ती म्हणाली, “बाबांच्या वयाच्या माणसाला असं कसं विचारू, की तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?” हे काउंटरट्रान्सफरन्स आहे. तिला वाईट वाटलं, एवढ्यानं ते होत नाही. एकट्या पडलेल्या माणसाबद्दल वाईट वाटणं ही सहानुभूती आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण सहानुभूतीनं माणूस जवळ जाऊन विचारतो. इथं भावनेनं तिच्या हातून तीन गोष्टी करवून घेतल्या: वेळेची चौकट मोडली, न झेपणारं वचन दिलं आणि विचारायलाच हवा असा प्रश्न टाळला. तुमची भावना तुमच्या कामाचं वळण बदलायला लागली की थांबून तिच्याकडे बघायचं. अशा वेळी नोंदीच्या वहीतही खुणा दिसतात. या सत्राची नोंद तिनं तीन दिवस लिहिलीच नव्हती.

हा अपराधीपणा आला कुठून? खरी गुंतागुंत इथं आहे. एक उगम तिचा स्वतःचा आहे. तिचे वडील चंद्रपुरात एकटे राहतात आणि ती नागपुरात आहे. दुसरा उगम काकांचा. त्यांच्या बोलण्यात समोरच्याला अपराधी करण्याची ताकद आहे, आणि पुण्याच्या मुलीलाही कदाचित त्यांच्याशी फोनवर बोलल्यानंतर हेच वाटत असेल. हे दोन उगम वेगळे करायला मी दोन प्रश्न विचारायला सांगते. हीच भावना तुला इतर वयस्कर क्लायंटसोबतही येते का? येत असेल तर मोठा वाटा तुझा. आणि ही भावना नेमकी कोणत्या वाक्यानंतर सुरू झाली? एका विशिष्ट वाक्यावर बोट ठेवता येत असेल, आणि काकांच्या आयुष्यातली इतर माणसंही त्यांच्याशी तशीच वागत असल्याचं त्यांच्याच बोलण्यातून दिसत असेल, तर तिथं काकांविषयी काही माहिती मिळते आहे. बहुतेक वेळा उत्तर ‘दोन्ही’ असतं.

या दोन टोकांमध्ये हे क्षेत्रसुद्धा फिरून आलेलं आहे. फ्रॉइडनं 1905 मध्ये डोरा या नावानं एका तरुण मुलीची केस छापली. तिनं उपचार मध्येच सोडले होते, आणि आपण ट्रान्सफरन्स वेळेत ओळखलं नाही हे त्यानं त्यातच मान्य केलं. 1910 मध्ये त्यानं काउंटरट्रान्सफरन्सचा उल्लेख केला तो अडथळा म्हणून. वैद्यानं स्वतःतलं ते ओळखावं आणि त्यावर मात करावी, असं त्याचं म्हणणं. 1950 मध्ये मनोविश्लेषक पॉला हाइमान यांनी बाजू पालटली. उपचारकाची भावना हे क्लायंटला समजून घेण्याचं साधन आहे, असं त्यांनी मांडलं. आज दोन्ही मान्य आहेत, पण नव्या समुपदेशकांना दुसरी बाजू जास्त आवडते, आणि त्यात धोका आहे. “मला राग आला, म्हणजे क्लायंटच्या मनात राग आहे” हा निष्कर्ष फार झटपट निघतो. क्लायंटच्या स्वतःच्या बोलण्यात त्याला आधार सापडेपर्यंत तो फक्त अंदाज असतो.

काका आणि समुपदेशक यांच्यात सत्र बिघडलं ते ट्रान्सफरन्समुळे किंवा काउंटरट्रान्सफरन्समुळे नाही. दोन्ही एकमेकांत चपखल बसले म्हणून बिघडलं. त्यांना मुलगी हवी होती, तिला वडिलांची सेवा करायची होती. दोघांनाही सत्र छान गेल्यासारखं वाटलं, आणि डब्यातल्या गोळ्या डब्यातच राहिल्या.

मग करायचं काय? सर्वांत आधी गोळ्या, आणि त्यासाठी पुढच्या सत्राची वाट पाहायची नाही. सुपरव्हिजन संपल्यावर तिनं त्याच दिवशी काकांना फोन करून दुसऱ्या दिवशी बोलावलं. प्रश्न सरळ विचारायचा: “काका, गोळ्या जमा केल्यात म्हणालात. जगणं नकोसं वाटतं का? जीव संपवायचा विचार मनात येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं. उत्तर ‘हो’ असेल, किंवा गोलमोल असेल, तर गोळ्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या, घरात कोण आहे, मुलीला कळवायला काकांची तयारी आहे का, हे तिथंच ठरवायचं. धोका जवळचा दिसला तर त्यांना एकटं घरी पाठवायचं नाही, सोबत कुणाला तरी घेऊन त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात न्यायचं. गोपनीयतेला इथं मर्यादा असते, आणि ती पहिल्याच सत्रात सांगून ठेवलेली असली पाहिजे.

रुसव्याचं काम त्यानंतर. “तुम्ही मला मुलीच्या जागी बघताय” असं कधीही जाहीर करू नका. त्यानं माणूस ओशाळतो आणि गप्प होतो. खोलीत घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करा: “मी त्या आठवड्यात नव्हते. तुम्हाला कसं गेलं ते?” ते म्हणतील, “काही नाही जी.” घाई करू नका. “राग आला असला तरी इथं बोलता येतं,” एवढं म्हणून थांबा. ते “आला थोडा” म्हणाले, आणि त्यांच्या त्या रागानं तुम्ही दुखावला नाहीत, विरघळलाही नाहीत, हे त्यांनी पाहिलं, तर तिथं काहीतरी नवीन घडलं. मुलीशी असलेलं साम्य पुष्कळदा ते स्वतःच दाखवतात. न दाखवलं आणि सत्रं मोजकीच असली, तर दाखवून देण्याचा हट्टही नको. सौम्य आपुलकीचं ट्रान्सफरन्स कामात आड येत नसेल तर त्याला तसंच राहू द्यावं. फ्रॉइडही त्याला कामाचा आधारच मानत असे.

काउंटरट्रान्सफरन्स मात्र क्लायंटपुढे मांडायचं नाही. “मला तुमच्यात बाबा दिसतात” हे वाक्य खरं असलं तरी त्यांच्यावर ओझं आहे, उद्यापासून ते तुमची काळजी करायला लागतील. ते सुपरव्हिजनमध्ये आणा, आणि एका वेगळ्या वहीत लिहा. सत्र संपल्यावर दोनच ओळी: आज मी नेहमीपेक्षा वेगळं काय केलं, आणि ते करण्याच्या आधी क्लायंट काय बोलला. रविवारच्या वचनाचंही स्पष्ट सांगून टाकायला हवं: “काका, रविवारचं मी घाईत बोलले, ते जमणार नाही. गुरुवारी चार वाजता मी इथं नक्की असते.” यावर ते पुन्हा रुसतील. तो रुसवा ताजा असेल, दोघांसमोर घडलेला असेल, आणि त्यावर तिथंच बोलता येईल.